आत आत येणाऱ्या चार सीमा

पाच ओळी आणि पाच स्तंभांची रिकामी चौरस जाळी घेतली आणि तिच्यात १ ते २५ या संख्या सर्पिल क्रमाने भरल्या, तर पहिली संख्या डाव्या वरच्या कोपऱ्यात बसते. तिथून वरच्या कडेने उजवीकडे, मग उजव्या कडेने खाली, खालच्या कडेने डावीकडे आणि डाव्या कडेने वर असा मोहरा फिरत जातो. पहिला फेरा जिथून सुरू झाला त्याच्या बरोबर खालच्या घरापाशी आला की तो आत वळतो आणि तसाच एक लहान फेरा घेतो. शेवटची संख्या मधल्या घरात पडते. भरून झालेली जाळी अशी दिसते:

```
 १   २   ३   ४   ५
१६  १७  १८  १९   ६
१५  २४  २५  २०   ७
१४  २३  २२  २१   ८
१३  १२  ११  १०   ९
```

अशा चौकोनी मांडणीला गणितात आणि संगणकशास्त्रात मॅट्रिक्स म्हणतात, आणि ओळींची संख्या स्तंभांच्या संख्येएवढी असेल तर चौरस मॅट्रिक्स. कागदावर ही जाळी शाळकरी मूलही भरून दाखवील, कारण डोळ्यांना एका नजरेत दिसते की पुढचे घर भरलेले आहे आणि आता वळायला हवे. संगणकाच्या प्रोग्रॅमला अशी नजर नसते. कुठे वळायचे हे त्याला प्रत्येक वेळी एखाद्या नियमाने ठरवून द्यावे लागते. म्हणूनच प्रोग्रॅमिंगच्या वर्गात आणि नोकरीच्या मुलाखतींत हा प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जातो. त्यात अवघड गणित काही नाही, पण वळणांचा हिशेब जरा ढिला राहिला की उत्तर हमखास चुकते.

वळण ठरवण्याचा एक मार्ग माणसाच्या नजरेची नक्कल करतो. एकेक घर पुढे जायचे, पुढचे घर जाळीबाहेर आहे का किंवा आधीच भरलेले आहे का ते तपासायचे, तसे असेल तर उजवीकडे वळायचे. हा मार्ग चालतो, पण त्याला प्रत्येक पावलाला पुढच्या घरात डोकवावे लागते, आणि ‘रिकामे घर’ ओळखण्यासाठी आधी सगळीकडे शून्यासारखी एखादी खूण भरून ठेवावी लागते. दुसरा मार्ग घरांकडे बघतच नाही. तो फक्त चार संख्या लक्षात ठेवतो: रिकाम्या भागाची सर्वांत वरची ओळ, सर्वांत खालची ओळ, सर्वांत डावा स्तंभ आणि सर्वांत उजवा स्तंभ. या चार संख्या म्हणजे चार सीमा. एक कड भरून झाली की त्या कडेची सीमा एका घराने आत सरकवायची, एवढाच नियम. शेताच्या बांधाकडून नांगरत आत यावे आणि नांगरलेला प्रत्येक पट्टा उरलेल्या शेताची नवी कड ठरावा, तसे हे काम चालते.

हा दुसरा मार्ग अधिक चांगला म्हणावा लागेल, आणि त्याचे कारण वेग हे नव्हे. दोन्ही मार्गांत प्रत्येक घरात एकदाच संख्या लिहिली जाते, म्हणजे कामाचा आकार सारखाच. चार सीमांच्या पद्धतीत मात्र एक वचन असते: सीमांच्या आतले प्रत्येक घर रिकामे आहे आणि सीमांच्या बाहेरचे प्रत्येक घर भरलेले आहे. हे वचन प्रत्येक कडेनंतर पाळले जाते आहे की नाही, हे तपासता येते. प्रोग्रॅम बरोबर आहे याची खात्री त्या तपासणीतूनच येते.

आता हे वचन पाच बाय पाचच्या जाळीत कसे पाळले जाते ते सावकाश पाहू. बहुतेक संगणकीय भाषांत मोजणी शून्यापासून होते, म्हणून ओळी ० ते ४ आणि स्तंभही ० ते ४ असे धरू. सुरुवातीला वरची सीमा ०, खालची ४, डावी ० आणि उजवी ४. सीमांच्या आत संपूर्ण जाळी आहे, बाहेर काहीच नाही, आणि एकही घर भरलेले नाही. वचन सुरुवातीलाच खरे आहे.

पहिली कड वरची. ० क्रमांकाच्या ओळीत डाव्या सीमेपासून उजव्या सीमेपर्यंत १, २, ३, ४, ५ लिहिले. ती ओळ आता भरली, म्हणून वरची सीमा ० वरून १ वर आली. महत्त्वाची गोष्ट म्हणजे ती लगेच आली, पूर्ण फेरा संपेपर्यंत थांबली नाही. याचा परिणाम दुसऱ्या कडेवर दिसतो. उजवा स्तंभ आता वरच्या सीमेपासून खालच्या सीमेपर्यंत भरायचा आहे, आणि वरची सीमा १ झालेली असल्यामुळे भरणे १ क्रमांकाच्या ओळीपासून सुरू होते. उजवा वरचा कोपरा, जिथे ५ बसला आहे, आपोआप सुटतो. त्याच्यासाठी वेगळा नियम लिहावा लागत नाही. ६, ७, ८, ९ अशा चार संख्या भरून उजवी सीमा ४ वरून ३ वर येते.

तिसरी कड खालची. तिच्यात उजवीकडून डावीकडे जायचे आहे. उजवी सीमा ३ असल्यामुळे सुरुवात ३ क्रमांकाच्या स्तंभातून होते, ९ असलेला कोपरा सुटतो, आणि डाव्या सीमेपर्यंत म्हणजे ० पर्यंत १०, ११, १२, १३ लिहिले जातात. खालची सीमा ४ वरून ३. चौथी कड डावी, खालून वर. खालची सीमा ३ आणि वरची १, म्हणून तीनच घरे उरतात: १४, १५, १६. डावी सीमा ० वरून १. एक फेरा पूर्ण झाला. आता वरची सीमा १, खालची ३, डावी १, उजवी ३, म्हणजे मधोमध तीन बाय तीनची एक लहान रिकामी जाळी उरली. तीही चौरसच आहे, आणि तिच्यावर तेच काम पुन्हा करायचे आहे. दुसऱ्या फेऱ्यात कडांची लांबी ३, २, २, १ अशी होते आणि १७ ते २४ या संख्या बसतात. तिसऱ्या फेऱ्यात चारही सीमा २ वर येऊन भेटतात. वरची कड म्हणून एकुलते एक घर भरले जाते, त्यात २५.

कडांच्या लांबी एका रेषेत मांडल्या तर ५, ४, ४, ३, ३, २, २, १, १ असा क्रम मिळतो. पहिली कडच तेवढी पूर्ण लांबीची. त्यानंतर प्रत्येक लांबी दोनदा येते, एकदा उभी आणि एकदा आडवी. कारण सरळ आहे: वरची किंवा खालची सीमा सरकली की पुढची उभी कड एका घराने आखूड होते, डावी किंवा उजवी सरकली की पुढची आडवी कड आखूड होते. सर्वांची बेरीज २५ येते. बाजू कितीही असली तरी हेच घडते, आणि एकूण कडा बाजूच्या दुपटीपेक्षा एकने कमी भरतात.

वचनाची परीक्षा एका छोट्या हिशेबाने घेता येते. आतापर्यंत भरलेली घरे अधिक सीमांच्या आतली घरे, ही बेरीज जाळी पूर्ण भरेपर्यंत कायम एकूण घरांएवढीच राहिली पाहिजे. पाच बाय पाचमध्ये पहिल्या कडेनंतर ५ घरे भरलेली आणि आत ४ ओळी गुणिले ५ स्तंभ म्हणजे २०. दुसऱ्या कडेनंतर ९ भरलेली आणि आत ४ गुणिले ४ म्हणजे १६. तिसऱ्यानंतर १३ आणि ३ गुणिले ४, म्हणजे १२. चौथ्यानंतर १६ आणि ३ गुणिले ३, म्हणजे ९. दर वेळी २५. एखाद्या कडेनंतर ही बेरीज २५ पेक्षा वेगळी आली, तर चूक नेमक्या त्याच कडेत आहे हे लगेच कळते. कागदावर प्रोग्रॅम तपासताना यापेक्षा हाताशी येणारी युक्ती नाही.

हेच काम पायथॉन भाषेत असे लिहिले जाते:

```python
def spiral(n):
    m = [[0] * n for _ in range(n)]
    top, bottom = 0, n - 1
    left, right = 0, n - 1
    num = 1
    while top <= bottom and left <= right:
        for j in range(left, right + 1):
            m[top][j] = num
            num += 1
        top += 1
        for i in range(top, bottom + 1):
            m[i][right] = num
            num += 1
        right -= 1
        for j in range(right, left - 1, -1):
            m[bottom][j] = num
            num += 1
        bottom -= 1
        for i in range(bottom, top - 1, -1):
            m[i][left] = num
            num += 1
        left += 1
    return m
```

प्रोग्रॅमची रचना वर सांगितलेल्या क्रमाबरहुकूम आहे. `top`, `bottom`, `left` आणि `right` या चार सीमा. `num` म्हणजे पुढे लिहायची संख्या. बाहेरचे `while` एकेक फेरा चालवते आणि त्याच्या पोटातल्या चार `for` ओळी चार कडा भरतात. प्रत्येक कडेनंतर लगेच एक सीमा हलते. पायथॉनच्या `range` मध्ये दुसरा आकडा धरला जात नाही, म्हणून पुढे जाताना `right + 1` आणि मागे येताना `left - 1` लिहावे लागते. दिसायला ही किरकोळ बाब आहे, पण बरेचसे घोटाळे इथूनच सुरू होतात.

समजा, तिसऱ्या कडेत `left - 1` ऐवजी नुसते `left` लिहिले गेले. मग खालच्या ओळीतले डावीकडचे शेवटचे घर भरलेच जात नाही. खालची सीमा मात्र वर सरकते, आणि डावी कड त्या घराच्या वरून सुरू होते. ते घर कायमचे सीमेबाहेर राहिले, तेही रिकामे. वचन मोडले. पाच बाय पाचमध्ये पहिल्या फेऱ्यात १६ ऐवजी १५ घरे भरतात, दुसऱ्यात ८ ऐवजी ७, आणि मध्ये २५ ऐवजी २३ येतो. डाव्या खालच्या कोपऱ्यात आणि त्याच्या आतल्या तिरक्या घरात शून्य दिसते. दोन लक्षणे एकत्र दिसली, मधली संख्या दोनने कमी आणि एकाच कर्णावर दोन शून्ये, की कोणती कड आखूड पडली हे जाळीच सांगते.

याच्या उलट घोटाळा सीमा उशिरा सरकवल्याने होतो. नवशिक्याला वाटते की आधी चारही कडा भराव्यात आणि फेरा संपल्यावर चारही सीमा एकदम आत आणाव्यात. वाचताना हे अधिक नीटनेटकेही दिसते. पण मग प्रत्येक कोपरा दोन कडांच्या वाट्याला येतो आणि दोनदा लिहिला जातो. उजवी कड ० क्रमांकाच्या ओळीपासूनच सुरू होते आणि ५ पुसून तिथे ६ लिहिते. खालची कड उजव्या खालच्या कोपऱ्यातले १० पुसून ११ लिहिते. चौथी कड वर येता येता थेट पहिल्या घरापर्यंत जाते आणि तिथला १ पुसून २० लिहिते. वरची ओळ ‘२०, २, ३, ४, ६’ अशी दिसू लागते. दुसऱ्या फेऱ्यात ८ ऐवजी १२ वेळा लिहिणे होते आणि मधल्या एकट्या घरात चार कडा चार वेळा लिहितात, त्यामुळे केंद्रात ३६ येतो. डाव्या वरच्या कोपऱ्यात १ नसणे ही या चुकीची पक्की खूण. ती सापडल्यावर दुरुस्ती सोपी असते: चार सीमांच्या चार ओळी आपापल्या कडेखाली नेऊन ठेवायच्या.

तिसरी चूक सर्वांत फसवी, कारण ती निम्म्या वेळा दिसतच नाही. `while` च्या अटीत `<=` ऐवजी `<` लिहिले की बाजू सम असताना उत्तर अगदी बरोबर येते. चार बाय चारमध्ये दुसऱ्या फेऱ्याच्या सुरुवातीला वरची सीमा १ आणि खालची २ असते, अट पूर्ण होते, फेरा चालतो आणि जाळी भरते. विषम बाजूत मात्र शेवटच्या फेऱ्याला वरची आणि खालची सीमा सारख्याच असतात. ‘पेक्षा लहान’ ही अट खोटी ठरते, फेरा होत नाही आणि केंद्रात शून्य राहते. एक बाय एकच्या जाळीत तर काहीच भरले जात नाही. म्हणून प्रोग्रॅम तपासताना सम आणि विषम अशा दोन्ही बाजू, आणि शिवाय १, घेतल्याच पाहिजेत. फक्त ४ घेऊन समाधान मानले तर ही चूक निसटते.

आणखी एक चूक पायथॉनपुरती आहे, आणि तिचा सर्पिलाशी थेट संबंध नसला तरी ती इथे नेहमी भेटते. रिकामी जाळी बनवताना `[[0] * n] * n` असे छोटे लिहिण्याचा मोह होतो. त्यातून `n` वेगवेगळ्या ओळी तयार होत नाहीत. एकच ओळ तयार होते आणि तिला `n` वेळा नाव दिले जाते. एका ओळीत लिहिले की सगळ्या ओळींत तेच दिसते. तीन बाय तीनमध्ये प्रत्येक स्तंभात जी संख्या सर्वांत शेवटी लिहिली गेली तीच टिकते: पहिल्या स्तंभात ८, दुसऱ्यात ९, तिसऱ्यात ५. परिणामी तिन्ही ओळी ‘८, ९, ५’ अशा एकसारख्या येतात. सगळ्या ओळी सारख्या दिसल्या की सीमांमध्ये चूक शोधत बसू नये. दोष जाळी बनवण्याच्या ओळीत असतो.

वरच्या प्रोग्रॅममध्ये एक गोष्ट बारकाईने पाहणाऱ्याला खटकेल. `while` ची अट फेऱ्याच्या सुरुवातीला एकदाच तपासली जाते. फेऱ्याच्या मध्येच रिकामा भाग संपला तर? विषम जाळीच्या शेवटच्या फेऱ्यात असे घडतेच: वरची कड भरताच एकमेव घर संपते, तरी पुढच्या तीन कडांच्या ओळी चालतात. तिथे काही बिघडत नाही, कारण वरची सीमा खालच्या सीमेपलीकडे गेल्यामुळे उजव्या कडेच्या `range` मध्ये एकही घर उरत नाही. मग उजवी सीमा डावीच्या पलीकडे जाते आणि खालची कडही रिकामी ठरते. डावीचेही तसेच. हे सुदैव नाही. चौरसात उंची आणि रुंदी बरोबरीने घटतात, त्यामुळे एक संपते तेव्हा दुसरीत जास्तीत जास्त एकच घर उरलेले असते, आणि तेही पुढची सीमा सरकताच नाहीसे होते.

आयताकृती जाळीत हा आधार नसतो. एक ओळ आणि तीन स्तंभांची जाळी घेतली, तर वरच्या कडेने १, २, ३ भरले जातात. उजवी कड रिकामी जाते आणि उजवी सीमा २ वरून १ वर येते. आता खालची कड. खालची सीमा अजून ० वरच आहे, म्हणजे तीच भरलेली ओळ, आणि १ ते ० या स्तंभांत अजून जागा आहे असे प्रोग्रॅमला वाटते. तो उलटा जात ४ आणि ५ लिहितो. जाळी ‘५, ४, ३’ अशी होते. तीन ओळी आणि एका स्तंभाच्या जाळीत हाच प्रकार डाव्या कडेला घडतो आणि ‘१, ४, ३’ असे उत्तर येते. त्यावर उपाय म्हणून खालची कड भरण्याआधी `if top <= bottom` आणि डावी कड भरण्याआधी `if left <= right` अशा दोन अटी घालतात. चौरसासाठी त्यांची गरज नाही, पण घातल्याने नुकसानही होत नाही. प्रोग्रॅम पुढे कधी आयतासाठी वापरला जाण्याची शक्यता असेल, तर त्या आधीच घालून ठेवणे शहाणपणाचे.

चार सीमा हलवत जाळी भरताना प्रत्येक फेरा कोणत्या संख्येपासून सुरू होतो हे सहज मोजता येते, आणि त्या मोजणीतून एक अनपेक्षित सोय हाती येते. पाच बाय पाचमध्ये फेरे १, १७ आणि २५ पासून सुरू होतात. बाहेरून `k` फेरे संपल्यावर पुढच्या फेऱ्याची पहिली संख्या `4k(n-k)+1` असते: `k` १ असताना ४ गुणिले १ गुणिले ४ अधिक १ म्हणजे १७, आणि `k` २ असताना ४ गुणिले २ गुणिले ३ अधिक १ म्हणजे २५. कोणतेही घर बाहेरून कितव्या फेऱ्यात आहे हे त्याच्या जवळच्या कडेपासूनच्या अंतरावरून कळते. तेव्हा संपूर्ण जाळी न भरताच एखाद्या घरातली संख्या सांगता येते.

उदाहरणार्थ, दहा बाय दहाच्या जाळीत ६ क्रमांकाची ओळ आणि २ क्रमांकाचा स्तंभ. चार कडांपासून या घराची अंतरे वरून ६, डावीकडून २, खालून ३ आणि उजवीकडून ७. सर्वांत लहान अंतर २, म्हणजे त्याच्या बाहेर दोन फेरे झाले आहेत. ओळीचा क्रमांक स्तंभाच्या क्रमांकापेक्षा मोठा असल्याने घर फेऱ्याच्या उत्तरार्धात, म्हणजे खालच्या किंवा डाव्या कडेवर आहे. अशा वेळी पुढच्या फेऱ्याच्या पहिल्या संख्येपासून मागे मोजणे सोपे पडते. तीन फेऱ्यांनंतरची पहिली संख्या ४ गुणिले ३ गुणिले ७ अधिक १, म्हणजे ८५. या फेऱ्याचा कोपरा ओळ २, स्तंभ २ वर आहे आणि आपले घर त्याच्या चार ओळी खाली, त्याच स्तंभात. ८५ मधून ४ वजा केले, उत्तर ८१. घर वरच्या किंवा उजव्या कडेवर असते, तर फेऱ्याच्या पहिल्या संख्येत हे अंतर मिळवले असते. सगळी जाळीच हवी असेल तेव्हा सीमांची पद्धत सरळ आणि वाचायला सोपी. हजार बाय हजारच्या जाळीतले एखादेच घर हवे असेल, तर दहा लाख घरे भरत बसण्यात अर्थ नाही. दोन्ही पद्धती स्वतंत्र असल्यामुळे एकीचे उत्तर दुसरीने पडताळताही येते. चार-पाच घरे अशी ताडून पाहिली की सीमांतली जवळजवळ कोणतीही चूक उघडी पडते.

याच जाळीचा क्रम उलटा केला, म्हणजे प्रत्येक संख्या २६ मधून वजा केली, तर केंद्रात १ येतो आणि संख्या बाहेर उलगडत जातात:

```
२५  २४  २३  २२  २१
१०   ९   ८   ७  २०
११   २   १   ६  १९
१२   ३   ४   ५  १८
१३  १४  १५  १६  १७
```

त्यासाठी नवा प्रोग्रॅम लागत नाही. `num` ची सुरुवात १ ऐवजी `n * n` पासून करायची आणि ती एकेक करून कमी करत जायची. सीमांना काय लिहिले जात आहे याच्याशी देणेघेणे नसते. बाजू विषम असली की केंद्र एकच असते आणि १, ९, २५ हे विषम संख्यांचे वर्ग डाव्या वरच्या कर्णावर एकापुढे एक बसतात, कारण तिथे प्रत्येक वेळी एक पूर्ण चौरस भरून संपतो.

गणितज्ञ स्टॅनिस्लॉ उलाम यांनी १९६३ साली एका कंटाळवाण्या व्याख्यानात बसल्या बसल्या कागदावर अशीच केंद्रातून बाहेर जाणारी सर्पिल जाळी काढली आणि तिच्यातल्या मूळ संख्यांवर खुणा केल्या. त्या खुणा तिरक्या रेषांवर गोळा होताना त्यांना दिसल्या. पुढे लॉस अलामॉसमध्ये मायरन स्टाइन आणि मार्क वेल्स यांच्या साहाय्याने त्यांनी हे काम संगणकावर पुष्कळ मोठ्या जाळीपर्यंत नेले. मार्टिन गार्डनर यांनी मार्च १९६४ च्या ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या सदरात त्याची ओळख करून दिली.

वरच्या छोट्या जाळीतही २३, ७ आणि १९ या तीन मूळ संख्या एका तिरक्या रेषेवर आहेत. त्यातला एक भाग सर्पिलातूनच समजतो. लागोपाठच्या दोन संख्या नेहमी शेजारच्या घरांत असतात, म्हणून जाळी बुद्धिबळाच्या पटासारखी दोन रंगांत रंगवली तर सर्व विषम संख्या एकाच रंगावर येतात आणि सर्व सम संख्या दुसऱ्यावर. २ सोडून प्रत्येक मूळ संख्या विषम, म्हणून ती त्या एकाच रंगाच्या घरांत येणार, आणि एका रंगाची घरे एकमेकांना फक्त कोपऱ्यांनी, तिरकीच जोडलेली असतात. काही तिरक्या रेषांवर मूळ संख्यांची गर्दी इतर तिरक्या रेषांपेक्षा अधिक का असते, हे मात्र या रंगांनी समजत नाही. त्या रेषांवरच्या संख्या वर्गपदी सूत्रांनी मिळतात, आणि कोणत्या वर्गपदीतून मूळ संख्या अधिक निघतात हा संख्या सिद्धांतातला वेगळा आणि अजून पूर्ण न सुटलेला प्रश्न आहे.